ग्रुपवर सगळे मित्रावर तुटून पडतात तेव्हा: एकच उत्तर, नीट लिहिलेलं

आमचं गाव गोव्यातल्या फोंडा महालातलं. जत्रेच्या रात्री आधी पालखी, मग आरत्या, मग पावणी आणि पावणी आटोपली की मराठी नाटक, हा क्रम आमच्या आजोबांच्या वेळेपासूनचा. पावणी म्हणजे देवीला वाहिलेले नारळ, केळीचे घड, फळफळावळ यांची जाहीर बोली. ती रंगली की दीड तास कुठे जातो ते कळत नाही. नाटकाला पडदा वर जायला उशीर होतो आणि रात्री दहाला माईक बंद करावा लागतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण आपली रात्र त्या पंधरांत बसेलच, या भरवशावर कोणी तीन अंकी नाटक बसवत नाही.

माझा मित्र आमच्या नाटकाची सगळी व्यवस्था बघतो. तो मूळचा डिचोलीचा, लग्नानंतर बारा वर्षं आमच्या गावात राहतो. जत्रेला महिना असताना एका रात्री साडेनऊला त्याने गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं: ‘मागच्या वर्षी पावणेनऊला पडदा वर गेला, दहाला माईक बंद झाला, तिसरा अंक तसाच करावा लागला. यंदा पावणी नाटकानंतर ठेवता येईल का? तसेही निम्मे लोक नुसती मिरवायला बोली लावतात.’

पुढच्या पन्नास मिनिटांत त्रेचाळीस मेसेज आले. ‘देवीपेक्षा नाटक मोठं झालं काय?’ ‘पावणी बंद करायला निघालाय हा.’ एकाने लिहिलं, ‘भायल्यान आमकां शिकोवपाची गरज ना’, म्हणजे बाहेरच्याने आम्हाला शिकवायची गरज नाही. मित्राने दोनदा उत्तर दिलं आणि दोन्ही वेळा आग वाढली. मी फोन हातात घेऊन बसलो होतो. त्या रात्री जे केलं ते इथे क्रमाने लिहितोय. असा प्रसंग पहिल्यांदाच समोर आलेल्या माणसाला नेमकं काय लिहावं आणि काय पुसावं, हे कुणीतरी धरून सांगावं लागतं.

आधी मित्राला फोन

हात शिवशिवत असतात तरी पहिलं काम टाइप करण्याचं नाही. आपण ज्याच्या बाजूने बोलणार त्याला विचारल्याशिवाय बोललो, तर त्याच्या हातून प्रकरण काढून घेतल्यासारखं होतं. कधी त्याला गप्प राहायचं असतं. कधी तो आधीच कुणाशी तरी फोनवर मिटवत असतो आणि आपल्या मेसेजने ते मोडतं.

फोनवर मी तीन गोष्टी विचारल्या. मी लिहू का? काय अजिबात लिहायचं नाही? आणि तुझ्या मेसेजमधलं कुठलं वाक्य तुला आत्ता परत घ्यावंसं वाटतंय? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘मिरवण्याचं लिहायला नको होतं.’ हे त्याच्या तोंडून आलं म्हणून मला पुढे वापरता आलं. मी माझ्या मनाने त्याची चूक कबूल केली असती, तर ग्रुपवर त्याच्याविरुद्ध उभा राहिलेला आणखी एक माणूस एवढंच झालं असतं.

दुसरी गोष्ट त्याने मागितली: ‘भायलो म्हणाले त्याबद्दल काही लिहू नको.’ मला ते पटत नव्हतं, पण अपमान त्याचा होता.

फोन ठेवण्याआधी एक ठरवून घ्यावं. आपला मेसेज जाईपर्यंत आणि गेल्यावर निदान सकाळपर्यंत मित्राने काही लिहायचं नाही. दोघे एकाच वेळी लिहू लागले की ‘दोघांनी मिळून ठरवलंय’ असा वास येतो आणि लोक टोळी समजतात.

मग सगळं पुन्हा वाचायचं, माणसं मोजत

मेसेज मोजले की भीती वाटते, माणसं मोजली की परिस्थिती कळते. ते त्रेचाळीस मेसेज अकरा जणांचे होते. त्यातले चौघे खरे तापलेले, पाच जणांनी नुसते अंगठे किंवा हात जोडलेले पाठवलेले, आणि दोघांनी पावणीची वेळ कशी ठरते याबद्दल खरोखर काहीतरी विचारलेलं. ग्रुपमध्ये आम्ही दोनशेच्या वर आहोत. म्हणजे जवळजवळ सगळं गाव गप्प राहून वाचत होतं.

आपलं उत्तर या गप्प माणसांसाठी लिहायचं असतं. तापलेल्या चौघांना त्या रात्री पटवता येत नाही. चारचौघांत बोलून बसलेला माणूस लगेच मागे फिरत नाही. पण वाचणाऱ्यांना ‘सगळे एकीकडे आणि तो एकटा’ असं दिसत असतं. एक शांत मेसेज मध्ये पडला की ते चित्र बदलतं आणि ज्यांना बोलायचं होतं पण धीर होत नव्हता ते बोलू लागतात.

वाचताना प्रत्येक मेसेज तीनपैकी कुठल्या जातीचा आहे ते मनात ठरवावं: चुकीची माहिती, खरा मतभेद, की नुसता टोमणा. ‘पावणी बंद करायला निघालाय’ ही चुकीची माहिती, कारण मित्राने बंद हा शब्द वापरलाच नव्हता. ‘पावणी आधीच हवी, देवीचा मान आधी’ हा मतभेद, आणि तो धरण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. ‘भायलो’ हा टोमणा. उत्तरात फक्त पहिली जात दुरुस्त करायची, दुसरीला मान द्यायचा आणि तिसरीला हात लावायचा नाही. नवखा माणूस नेमका टोमण्यापासून सुरुवात करतो, कारण तोच सगळ्यात जास्त बोचलेला असतो. पण टोमण्याला उत्तर दिलं की उरलेली रात्र त्याच टोमण्यावर जाते. मित्र आतला की बाहेरचा यावर गाव चर्चा करत बसतं आणि तिसऱ्या अंकाचं कुणालाच आठवत नाही.

पहिला मसुदा, जो पाठवायचा नसतो

मी आधी हे लिहिलं होतं:

‘आधी सगळ्यांनी मेसेज नीट वाचा. हा माणूस बारा वर्षं गावासाठी राबतोय, तेव्हा तुम्ही कुठे होता? काही लोकांना फक्त तोंड चालवता येतं. आणि दहानंतर माईक लावणं बेकायदा आहे, माहीत नसेल तर माहिती करून घ्या.’

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, असं तेव्हा मला वाटत होतं. तरी ते पाठवलं असतं तर मित्राचं नुकसान झालं असतं. का, ते एकेक वाक्य धरून बघण्यासारखं आहे.

‘नीट वाचा’ म्हणताच वाचणारे दोनशेही शाळेतली मुलं होतात. ज्यांनी एक अक्षर लिहिलेलं नव्हतं त्यांनाही ते लागतं.

‘बारा वर्षं राबतोय’ हे प्रेमाने लिहिलेलं, पण यात मोठा खड्डा आहे. एकाची सेवा तराजूत टाकली की दुसरा आपली टाकतो. आमच्याकडे चाळीस वर्षं पेटी वाजवणारे आहेत, पालखीला खांदा देणारी चौथी पिढी आहे. त्यांच्यापुढे बारा वर्षं म्हणजे काहीच नाही आणि परत गाडी ‘भायलो’वरच येते. मित्र किती चांगला आहे हे पटवून देण्याचा मोह आवरावा. त्याच्या चांगुलपणावर मतदान चाललेलं नसतं. तसं सुचवलं की ते सुरू होतं.

‘काही लोकांना’ हे शब्द गावात फार ओळखीचे आहेत. नाव न घेता टोमणा मारायचा तो असाच. मग ज्याला उद्देशून नव्हतं तोही विचारतो, ‘मला म्हणालास काय?’ एकाऐवजी पाच जण दुखावतात.

कायद्याचं वाक्य खरं होतं, पण बोट दाखवून लिहिलेलं. दहाची अडचण मांडवात बसलेल्या प्रत्येकाची आहे. तिचा दंडुका केला की लोकांना मित्र पोलिसांच्या बाजूचा वाटू लागतो.

मी तो मसुदा ग्रुपच्या खिडकीत न लिहिता फोनच्या नोट्समध्ये लिहिला होता, आणि ही सवय प्रत्येकाने लावून घ्यावी. ग्रुपमध्येच टाइप करत बसलं तर अंगठा चुकून पाठवण्यावर पडतो. पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांच्या आत बदलता येतो हे खरं, पण खाली तशी खूण राहते आणि तापलेल्या ग्रुपमध्ये बदललेला मेसेज संशय वाढवतो. मूळ मजकुराचा फोटोही तोवर कुणीतरी काढून ठेवलेला असतो.

पाठवलेलं उत्तर

अर्धा तास थांबून हे लिहिलं. मूळ मेसेज कोकणीत होता, त्याचं मराठी असं:

‘मंडळी, पावणी हा देवीचा मान, ती व्हायलाच हवी, यात इथे कुणाचंच दुमत नाही. मूळ मेसेजमध्ये पावणी बंद करा असं नाही, नाटकानंतर ठेवता येईल का एवढं विचारलंय. मिरवण्याचं वाक्य लागण्यासारखं होतं. माझं त्याच्याशी बोलणं झालं, त्याबद्दल तो सकाळी स्वतः लिहील. मागच्या वर्षी आपल्या तिसऱ्या अंकाला मागच्या खुर्च्यांवर काही ऐकू येत नव्हतं, मी तिथेच बसलो होतो. रविवारी आरतीनंतर सभामंडपात बसून क्रमाचं बोलूया का?’

पहिलं वाक्य तापलेल्यांच्या काळजीचं आहे, मित्राच्या बाजूचं नाही. ते मुद्दाम आधी ठेवलं. देवीच्या मानाला धक्का लागेल या भीतीने माणसं बोलत होती. ती भीती कुणीतरी ओळखली आहे हे दिसलं की पुढचं ऐकून घेतलं जातं. मात्र हे मनापासून वाटत असेल तरच लिहावं. ‘तुमच्या भावना समजतात, पण’ असं लिहिलं तर ‘पण’च्या आधीचं सगळं पुसलं जातं. माझ्या मेसेजमध्ये ‘पण’ एकदाही नाही. पहिल्या मसुद्यात नसलेला हा शब्द दुसऱ्यात तीन ठिकाणी घुसला होता. तिथे तिथे मी पूर्णविराम दिला.

दुसऱ्या वाक्यात एकच माहिती दुरुस्त केली. चुका आणखीही होत्या. कुणी म्हटलं होतं की त्याने समितीला विचारलं नाही, कुणी म्हटलं होतं की मागच्या वर्षी उशीर नटांमुळे झाला. सगळ्या दुरुस्त करायला गेलो असतो तर वकिली झाली असती. ज्या एका गैरसमजावर बाकीचा राग उभा आहे तेवढाच निवडावा. तो कुणी पसरवला हेही लिहू नये. आणि त्या चुकीच्या मेसेजला टॅग करून उत्तर देऊ नये, कारण तसं केलं की तो मेसेज आणि लिहिणाऱ्याचं नाव आपल्या उत्तराच्या डोक्यावर पुन्हा झळकतं. सुटा मेसेज लिहावा.

तिसऱ्या वाक्याशिवाय बाकीचं उत्तर लंगडं पडलं असतं. मित्राचं जे चुकलं ते आपण झाकलं तर लोक आपल्यालाही आंधळे समजतात. ‘लागण्यासारखं होतं’ म्हणताना मी त्याचा हेतू समजावत बसलो नाही. ‘त्याला तसं म्हणायचं नव्हतं’ हे वाक्य माफीसारखं दिसतं, पण वाचणाऱ्याला सांगतं की चूक तुझ्या समजण्याची आहे.

पाचवं वाक्य साक्षीचं. मी तिथे होतो, मला ऐकू आलं नाही. स्वतः पाहिलेली एक लहान गोष्ट सांगितली की तिच्याशी भांडता येत नाही. ‘आपल्या’ हा शब्दही विचार करून घातला. मित्राला ‘भायलो’ म्हणणाऱ्याला मी उत्तर दिलं नाही, तरी नाटक आपलं म्हटलं की ते बसवणाराही आपल्यात येतो.

शेवटी एक प्रश्न, दिवस आणि जागा देऊन. ‘शांत राहूया’, ‘वाद नको’ असं लिहिलं तर लोक म्हणतात, हा कोण सांगणारा. रविवार आणि सभामंडप म्हटलं की तापलेल्यालाही आपला मुद्दा टाकायला जागा मिळते.

भाषेबद्दल थोडं. आमच्या ग्रुपवर सूचना मराठीत पडतात आणि भांडणं कोकणीत होतात. भांडण ज्या भाषेत चाललंय त्याच भाषेत लिहावं. कोकणीतल्या वादात एकदम ‘सर्व सभासदांना विनंती करण्यात येते’ अशी मराठी आली की देवळाच्या फलकावरची सूचना वाटते. तसंच रोज ज्याला ‘तूं’ म्हणतो त्याला त्या रात्री ‘आपण’ म्हणू नये. तो जास्तीचा आदर कानाला थंड लागतो.

लांबी एवढीच ठेवावी. मेसेज फार लांबला की पडद्यावर अर्धाच दिसतो, आणि तापलेला माणूस उरलेला उघडत नाही.

पाठवल्यानंतर

मेसेज गेला आणि मी फोन उलटा ठेवला. हे लिहिण्यापेक्षा अवघड होतं. पहिली दहा मिनिटं उत्तरं येतातच, त्यातली एकदोन आपल्यावर असतात. मला एकाने लिहिलं, ‘मित्र म्हणून बोलतोस.’ यावर गप्प राहायचं. खरंच मी मित्र आहे.

फक्त खऱ्या प्रश्नाला उत्तर द्यावं. एका काकीने विचारलं, रविवारी बायकांनीही यायचं ना? त्याला मी लगेच ‘हो काकी, सगळ्यांनी’ एवढंच लिहिलं.

उत्तर लागू पडतंय की नाही हे कर्त्यावरून ओळखावं. आधीच्या मेसेजमध्ये वाक्यं ‘हा’, ‘तो’, ‘ह्याला’ अशी सुरू होत होती. साडेअकराच्या पुढे ‘पावणी’, ‘पडदा’, ‘आरती’ अशी सुरू होऊ लागली. माणसावरून विषय वेळेवर गेला. एका मेसेजच्या जागी ‘हटवला’ अशी खूण आली, ती मी पाहिली आणि कुणाला बोललो नाही. उलट चिन्हं अशी: आपलं नाव वारंवार येऊ लागतं, कुणी जुनी भांडणं काढतं, ग्रुपमधले फोटो दुसऱ्या ग्रुपवर फिरू लागतात. तेव्हा दुसरं उत्तर लिहू नये. ॲडमिनला फोन करून ग्रुप सकाळपर्यंत फक्त ॲडमिनच लिहू शकतील असा करायला सांगावं. ती सोय सेटिंगमध्ये असते. ॲडमिनने ती सगळ्यांना सारखी लावावी, एकट्या मित्राला गप्प करण्यासाठी नाही.

सकाळी सातला मित्राने लिहिलं: ‘मिरवण्याचं वाक्य चुकलं. माफ करा. रविवारी येतो.’ मी त्याला एवढंच सांगितलं होतं की कारण देऊ नकोस.

‘भायलो’ लिहिणाऱ्या मामांकडे मी दुसऱ्या दिवशी घरी गेलो. हे ग्रुपवर कधीच होत नाही. वडीलधाऱ्या माणसाला दोनशे जणांसमोर चूक दाखवली तर तो ती आयुष्यभर धरून ठेवतो. घरापुढच्या बाल्कांवर बसून चहा घेताना मी म्हटलं, ‘मामा, ते भायलो त्याला फार लागलं. त्याची मुलं इथेच जन्मली.’ मामा काही बोलले नाहीत. मीही ओढून उत्तर घेतलं नाही.

हे कुठे चालत नाही

हे सगळं रागावलेल्या ओळखीच्या माणसांसाठी आहे. धमकी, घरच्या बायकामुलांबद्दल घाण लिहिणं, जातीवरून किंवा धर्मावरून चिथावणी, मित्राचा पत्ता पसरवणं, यांना असं उत्तर द्यायचं नसतं. तिथे तारीख, वेळ आणि नंबर दिसेल असे फोटो काढून ठेवावेत, ग्रुप सोडण्याआधी. मग ॲडमिनला सांगावं आणि मित्राला घेऊन पोलीस ठाण्यात जावं. cybercrime.gov.in वरही तक्रार करता येते. तातडीचा धोका असेल तर ११२.

आणि मित्राचा मुद्दाच चुकीचा असेल तर? मग मुद्द्याची बाजू घेऊ नये. ‘त्याचं म्हणणं मलाही पटत नाही, तरी घराबाराबद्दल नको’ एवढं लिहिता येतं. मित्राला हे आधी फोनवर सांगावं लागतं, आणि ते सांगणं कठीण जातं.

रविवारी सभामंडपात तीसेक माणसं आली. मामाही आले. तासभर क्रमावर बोलणं झालं, पावणी मागे न्यायला निम्मे तयार नव्हते. मग मामाच म्हणाले, ‘पावणीक माईक कित्याक जाय? आमच्या बापायच्या वेळार खंय आशिल्लो?’ पावणीला माईक हवाच कशाला, बोली पुकारणाऱ्याचा आवाज मोठा असला की झालं. यंदा सातला पडदा वर गेला, दहाला पाच कमी असताना तिसरा अंक संपला, आणि सव्वादहाला दिव्यांच्या उजेडात मामांनी पहिला केळीचा घड हातात धरून मोठ्याने बोली पुकारली. दुसरी बोली माझ्या मित्राची होती.